मक्याचे प्लास्टिक आणि फसलेले प्रिंट

येत्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार अटल टिंकरिंग लॅब उभारण्याची घोषणा २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. या प्रयोगशाळांमधले मुलांचे लाडके यंत्र म्हणजे थ्रीडी प्रिंटर. मात्र शिकाऊ हातांनी केलेले प्रिंट अर्ध्यावर फसतात आणि गुंताळ्याने खोका भरतो. या खोक्याचे करायचे काय?

‘पीएलए मक्यापासून बनते, ते आपोआप कुजते,’ असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. पीएलए कुजायला साधारण ६० अंश तापमान राखणारा औद्योगिक खतप्रकल्प लागतो. परसातल्या खड्ड्यात ते वर्षानुवर्षे तसेच राहते. पाण्याच्या बाटल्यांच्या भंगारात ते मिसळले, तर आणखी नुकसान. बाटल्यांचे प्लास्टिक वितळायला सुमारे २६० अंश लागतात. तेवढ्या उष्णतेत पीएलए विघटित होते आणि माल गढूळ, पिवळसर होतो.

म्हणून वर्गीकरण प्रिंटरशेजारीच व्हायला हवे. नंतर तुकडे ओळखणे अवघड जाते. खारट पाण्यात टाकून पाहिले तर एबीएस तरंगते, पीएलए आणि पीईटीजी मात्र दोन्ही बुडतात. म्हणजे ज्यांची गल्लत हमखास होते, तेच दोन वेगळे होत नाहीत. त्यात प्रिंट आतून पोकळ असेल, तर कोणतेही प्लास्टिक तरंगते! प्रत्येक प्रकाराला नाव लिहिलेला वेगळा डबा, हाच खात्रीचा उपाय.

पुढचा टप्पा भुग्याचा. घरचा मिक्सर इथे कामाचा नाही. वेगाने फिरणाऱ्या पात्यांच्या घर्षणाने पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडून गोळा होते, शिवाय बारीक धूळ उडते. त्यासाठी हळू पण जोरकस फिरणारे श्रेडर लागते. त्यातून निघालेले तांदळाएवढे दाणे चाळून काही तास कोरडे करावे लागतात, कारण ओलाव्यामुळे वितळताना पीएलएच्या साखळ्या तुटतात आणि तार ठिसूळ होते. त्यात नवे दाणे मिसळून तार ओढतात. खरी परीक्षा जाडीची. १.७५ ऐवजी १.६५ मिलीमीटरची तार निघाली, तर प्रिंटरला सुमारे ११ टक्के प्लास्टिक कमी मिळते आणि थर नीट चिकटत नाहीत. पुन्हा कचराच!

त्यामुळे दोन प्रिंटरच्या शाळेने हे यंत्र घेणे परवडणारे नाही. तालुक्यातल्या शाळांनी वेगवेगळे साठवलेले पीएलए एकत्र करून एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे किंवा ते घेणाऱ्या उद्योगाकडे देणे अधिक व्यवहार्य. कार्बनतंतू मिसळलेली तार मात्र या डब्यांत नको. द्रवरूप रेझिनचे उरलेले थेंब तर कधीच मोरीत ओतू नयेत. हातमोजे घालून, उन्हात पूर्ण कडक झाल्यावरच ते घनकचऱ्यात जावेत. रेझिन धुतलेले अल्कोहोल घातक कचरा म्हणून वेगळे द्यावे.