कात्री कुठून लावायची?

सुनंदाच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर 'आपली विश्वासू' एवढे दोन शब्द आणि खाली सही होती. बाकी सगळं पहिल्या पानावर, तेही अक्षर दहा पॉइंटांचं करून आणि समास दोन्हीकडून खेचून बसवलेलं. "काका, ही सही वर घेता आली की झालं," ती म्हणाली. मी म्हटलं, "सही राहू दे गं. आधी वरचं निम्मं काढू."

सुनंदा हे तिचं खरं नाव नव्हे. मराठवाड्यातल्या एका सामाजिक संस्थेला लेखापाल हवा होता. जाहिरात मराठीत होती आणि अर्जही मराठीतच मागवला होता. बचत गटांच्या हिशेबांवर देखरेख ठेवायची, महिन्यातले आठ-दहा दिवस गावोगाव फिरायचं, असं काम. सुनंदा बी.कॉम. झालेली, तालुक्याच्या पतसंस्थेत तीन वर्षं हिशेब पाहते. बायोडेटा एका पानाचा, नेटका. घोळ होता तो सोबतच्या पत्रात. ते सव्वापाचशे शब्दांचं झालं होतं.

असलं पत्र एका पानात बसवायचं म्हणजे पान भरायचं नव्हे. ए-फोर कागद, चारही बाजूंना अडीच सेंटिमीटर समास आणि बारा पॉइंटांचं अक्षर धरलं, तर पत्ता, तारीख, विषय आणि मायना यांतच आठ-दहा ओळी जातात. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असल्यानं ओळींत जरा जास्त हवाही लागते. मजकूर दीडशे ते अडीचशे शब्दांचा असला की पान वाचवतं. इंग्रजीत तीनशेपर्यंत चालून जातं. समास आवळायची किंवा अक्षर बारीक करायची वेळ आली, की मजकूर जास्त झालाय हे ओळखावं.

परिच्छेद चार पुरतात, पण ते सारख्या उंचीचे नकोत. पहिला दोन-तीन वाक्यांचा, दुसरा सगळ्यांत मोठा, तिसरा मध्यम आणि चौथा पुन्हा दोन-तीन वाक्यांचा. मी अशा पदांच्या निवडीसाठी अर्जांचे गठ्ठे वाचले आहेत. डोळा आधी पहिल्या ओळींवर जातो, मग थेट मधल्या जाड परिच्छेदावर. चारही परिच्छेद पाच-पाच ओळींचे असले, की अर्जदाराला स्वतःची कुठली गोष्ट महत्त्वाची वाटते तेच कळत नाही.

कात्री आधी डोक्यावरच लावली. 'उपरोक्त विषयास अनुसरून मी आपणांस नम्रपणे कळवू इच्छिते की' हे सगळं गेलं, कारण विषय वरच लिहिलेला होता. मग तिचं नाव, गाव, पदवी, टक्केवारी. ती बायोडेटात आहेत. पदाचं नाव सातव्या ओळीत आलं होतं, ते पहिल्या वाक्यात आणलं. उरलं ते असं: 'लेखापाल पदासाठी अर्ज करत आहे. गेली तीन वर्षे मी तालुक्याच्या पतसंस्थेत रोजकीर्द, खतावणी आणि बँकेचा ताळमेळ सांभाळत आहे. त्यातले निम्मे काम बचत गटांच्या खात्यांचे आहे.' शब्द पंचवीस.

त्यानंतर संस्थेची स्तुती. 'आपल्या नामांकित संस्थेचे कार्य प्रेरणादायी असून' हे वाक्य साखर कारखान्याला पाठवलं तरी चाललं असतं. नाव बदलूनही जे वाक्य तसंच उभं राहतं, ते काढावं. 'कष्टाळू, प्रामाणिक, वक्तशीर' यांचंही तेच. मी आळशी आहे असं आजवर कोणी अर्जात लिहिलेलं नाही.

मग आला अवघड भाग. वडील गेल्यानंतर घर तिच्यावर आहे, हे तिनं सहा ओळींत लिहिलं होतं. ते काढ म्हणताना मलाही जड गेलं आणि ती थोडा वेळ बोललीच नाही. पण वाचणाऱ्याला त्या ओळींचं करायचं काय, हा प्रश्न उरतोच. त्यावर गुण देता येत नाहीत आणि दुर्लक्ष केलं तर तो ओशाळतो. शिवाय त्या सहा ओळी नेमक्या तिथे बसल्या होत्या, जिथे तिचं काम यायला हवं होतं.

कामाच्या परिच्छेदात तिनं नुसती यादी दिली होती: टॅली, एक्सेल, जीएसटी, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन. "हे सगळं बायोडेटात आहे. यातलं तू केलंस काय ते सांग," म्हटल्यावर ती सहज बोलू लागली आणि पाच मिनिटांत खरा परिच्छेद तोंडी तयार झाला. "मग हे पत्रात का नाही?" "ते काय काका, रोजचंच काम आहे ना!"

आम्ही ते रोजचंच काम लिहिलं: 'मी रुजू झाले तेव्हा ४२ बचत गटांच्या खात्यांचा बँकेशी ताळमेळ ११ महिने रखडला होता. रोज संध्याकाळी दोन गटांची पासबुके आणि पावत्या रोजकीर्दीशी ताडून पाहिल्या. बहुतेक फरक एकाच कारणाने पडत होता: गटाच्या वहीत बैठकीची तारीख असे आणि पासबुकात पैसे बँकेत भरल्याची. दोन्ही तारखांसाठी वेगळे रकाने केले. तेव्हापासून ताळमेळ दर महिन्याच्या १० तारखेच्या आत होतो.'

तिला इथे जीएसटीचं आणखी एक उदाहरण घालायचं होतं, आणि जागाही होती. मी नको म्हटलं, कारण बचत गटांच्या हिशेबाला त्याचा उपयोग नव्हता. दोन उदाहरणं जाहिरातीशी सारखीच जुळत असतील तर दुसऱ्याला वेगळा परिच्छेद द्यावा. उदाहरणातले आकडे मात्र कापू नयेत. लोक 'अनेक गटांचा प्रलंबित ताळमेळ पूर्ण केला' असं आटोपशीर करतात आणि परिच्छेद पुन्हा कोणाचाही होतो.

तिसरा परिच्छेद जाहिरातीतल्या अटींचा. परदेशी देणग्यांच्या हिशेबाचा अनुभव असल्यास प्राधान्य, असं त्यात होतं. तो तिला नव्हता, म्हणून तिनं विषयच टाळला होता. पण वाचणारा नेमकं तेच शोधतो. तेव्हा सरळ लिहिलं: 'परदेशी देणग्यांचे हिशेब मी हाताळलेले नाहीत, प्रत्येक निधीची वेगळी खतावणी ठेवण्याची सवय मात्र आहे.' पुढे एक वाक्य प्रवासाचं: स्वतःची स्कूटी आहे, परवाना आहे, आणि वसुलीसाठी ती आजही गावांत जाते. शेवटच्या परिच्छेदात एक महिन्याची नोटीस द्यावी लागेल हे सांगितलं आणि भेटीला कधी येऊ शकेल तेही. 'आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत' तिला ठेवायचंच होतं. राहू दिलं, एका ओळीनं पान फुटत नाही.

हे गणित सगळीकडे लागू नाही. सरकारी भरतीत विहित नमुन्याचा अर्ज असतो, तिथे या पत्राला जागाच नाही. विद्यापीठातल्या अध्यापकाच्या पदासाठी संशोधनावर लिहावं लागतं, तिथे दोन पानंही चालतात.

राहता राहिला ईमेल. पत्र जोडून पाठवायचं असेल तर ईमेलमध्ये तेच पुन्हा चिकटवू नये. पद, नाव आणि काय जोडलंय एवढ्या तीन ओळी लिहाव्यात. सुनंदानं पत्र पतसंस्थेच्या कॉम्प्युटरवर जुन्या फॉन्टात टाइप केलं होतं. तो फॉन्ट समोरच्याकडे नसला तर 'लेखापाल'च्या जागी नुसती चिन्हं दिसतात. ते युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करवलं आणि पीडीएफ करून पाठवायला सांगितलं.