रांगा फोडू नका

छोटा ऑनलाइन खेळ बाजारात आणणारे लोक मोठ्या खेळांची लॉबी जशीच्या तशी उचलतात. साधा आणि मानांकित असे दोन प्रकार, त्यांत जलद, मध्यम, संथ असे तीन वेग आणि प्रत्येकाची वेगळी रांग. लाखो खेळाडू असलेल्या खेळाला हे परवडतं. जिथे संध्याकाळी जेमतेम साठ माणसं असतात, तिथे सहा रांगा म्हणजे खेळ स्वतःच्या हाताने बंद पाडणं आहे.

हिशेब करून पाहू. समजा, दोघांनी खेळायचा खेळ आहे आणि गर्दीच्या वेळी मिनिटाला पाच जण रांगेत येतात. रेटिंग बुद्धिबळातल्या एलो पद्धतीचं, सरासरी १५०० आणि सुमारे दोन तृतीयांश खेळाडू १२०० ते १८०० च्या दरम्यान. एलोच्या सूत्राप्रमाणे १०० गुणांचा फरक असेल तर दुबळ्याची जिंकण्याची शक्यता ३६ टक्के, २०० ला २४ आणि ३०० ला १५. म्हणून आपण ठरवतो, की जोडी १०० गुणांच्या आतच लावायची. १५०० च्या खेळाडूच्या एवढ्या जवळ साधारण पाव खेळाडू असतात, त्याला पाऊण मिनिटात प्रतिस्पर्धी मिळतो. पण २१०० वाल्याच्या जवळ चार टक्केही नसतात. त्याला पाच मिनिटांहून जास्त थांबावं लागतं. आता हीच माणसं सहा रांगांत सारखी वाटा. सरासरी खेळाडूची प्रतीक्षा साडेचार मिनिटांवर जाते आणि २१०० वाल्याची अर्ध्या तासावर. इतकं कुणी थांबत नाही. रेटिंगचं सूत्र कितीही सुधारलं तरी हे आकडे हलत नाहीत, कारण उणीव सूत्रात नाही, माणसांत आहे.

उपाय दोन आहेत. पहिला, रांग एकच ठेवा. खेळाडूला वेगवेगळ्या खोल्यांत पाठवू नका. त्याला कोणकोणते वेग चालतील त्यांवर खुणा करू द्या आणि दोघांच्या खुणा जिथे जुळतील तो डाव लावा. दुसरा, फरकाची मर्यादा वेळेबरोबर सैल करा. सुरुवात १०० गुणांपासून, दर पंधरा सेकंदांनी ५० ची वाढ आणि ३०० ला थांबा. मर्यादा ३०० वर पोचली की २१०० वाल्याला चालणारे खेळाडू सोळा टक्क्यांच्या आसपास होतात आणि त्यापुढे त्याला सरासरी सव्वा मिनिटात कुणीतरी मिळतं. याची किंमत समोरचा दुबळा खेळाडू देतो, हे मात्र विसरू नये.

म्हणून मर्यादा कुणाची धरायची, हा खरा प्रश्न आहे. दोघांच्याही मर्यादेत फरक बसलाच पाहिजे असा नियम केला, तर नुकत्याच आलेल्या खेळाडूची मर्यादा अरुंद असते, त्याला त्याच्या बरोबरीचं कुणीतरी आधी मिळतं आणि वरचा खेळाडू ताटकळत राहतो. एकाच्या मर्यादेत बसला तरी पुरे म्हटलं, तर दोन मिनिटं थांबलेला वरचा खेळाडू आत्ता आलेल्याला ओढून घेतो. माझ्या मते दुसरा नियम घ्यावा, पण पहिल्या दहा डावांतल्या नवख्यांना त्यातून पूर्ण वगळावं. त्यांचं रेटिंग अजून अंदाजच असतं आणि पहिलेच डाव एकतर्फी हरलेला माणूस परत येत नाही. इतरांना लॉबीने आधी विचारावं, ‘२५० गुणांनी वरचा खेळाडू तयार आहे, खेळायचं की थांबायचं?’ स्वतः निवडलेला कठीण डाव हरला तरी तेवढा खुपत नाही.

हे सगळं नीट चाललंय की नाही, हे सरासरी प्रतीक्षेवरून कळणार नाही. ती सरासरी जोडी मिळालेल्यांचीच निघते, कंटाळून निघून गेलेला तिच्यात धरलाच जात नाही. आकडा चाळीस सेकंद दिसतो आणि वरचे खेळाडू एकेक करून सोडून जात असतात. म्हणून रेटिंगच्या दर २०० गुणांच्या टप्प्यागणिक नोंद ठेवा, जोडी न लागता किती जण गेले आणि कितव्या सेकंदाला गेले. ज्या टप्प्यात गळती जास्त, तिथे मर्यादा लवकर सैल करा.

खेळ करणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, की नवी रांग उघडण्याआधी मिनिटाला येणाऱ्या खेळाडूंना रांगांच्या संख्येने भागा. सरासरी खेळाडूलाही मिनिटाभरात जोडीदार मिळत नसेल, तर ती रांग उघडू नका.