घरोपयोगी यंत्रे : जुन्या प्रोजेक्टरवर स्पष्ट अक्षरे

शाळेच्या अथवा वाचनालयाच्या कपाटातील जुना प्रोजेक्टर नव्या लॅपटॉपला जोडला की चित्र उमटते, परंतु अक्षरांच्या कडा अंधुक राहतात. दोष बहुधा भिंगाला दिला जातो. तो खरा की खोटा, हे आधी ठरवावे. प्रोजेक्टरचा मेन्यू पडद्यावर आणावा. तो यंत्राच्या आतच तयार होत असल्यामुळे त्याची अक्षरे रेखीव आणि लॅपटॉपची मात्र अंधुक दिसली, तर भिंग निर्दोष असून उणीव बाहेरून येणाऱ्या संकेतात आहे असे समजावे.

असे प्रोजेक्टर पंधरा टाचण्यांच्या व्हीजीए जोडणीने चालतात. ही पद्धत १९८७ साली रूढ झाली आणि तिच्यातून चित्र विजेच्या चढउतारांच्या रूपाने जाते. नव्या लॅपटॉपच्या एचडीएमआय खाचेतून मात्र ते अंकांच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून नुसती तार चालत नाही. आत रूपांतर करणारे विद्युत्मंडल असलेला ॲडॅप्टरच घ्यावा लागतो.

आता एक उदाहरण पाहू. प्रोजेक्टरचे मूळ रिझोल्यूशन १०२४ × ७६८ आहे आणि लॅपटॉपचे १३६६ × ७६८. लॅपटॉपचेच चित्र पाठविले, तर आडव्या ओळीतील चार ठिपके तीन ठिपक्यांच्या जागेत कोंबावे लागतात आणि अक्षरांच्या बारीक रेषा पुसट होतात. यासाठी विंडोजमध्ये Windows व P या कळा एकत्र दाबून Second screen only निवडावे, आणि Display resolution मध्ये 1024 × 768 ठरवावे. मूळ आकडा यंत्राच्या माहितीपुस्तिकेत मिळतो.

एवढे झाल्यावरच Auto Adjust चे बटण दाबावे. आधी दाबल्यास जुळणी दुसऱ्याच रिझोल्यूशनसाठी होते. त्या वेळी पडद्यावर कडेपर्यंत भरलेले, पांढऱ्या पार्श्वभूमीवर बारीक मजकुराचे पान असावे. प्रोजेक्टर चित्राच्या कडा शोधून आपले मोजमाप बसवितो. काळ्या चित्रात त्याला कडा सापडत नाहीत आणि चित्र एका बाजूस सरकते.

तरीही उभे अंधुक पट्टे दिसले, तर मेन्यूतील Frequency थोडे थोडे बदलून ते घालवावेत. पट्टे गेले तरी अक्षरे थरथरत असतील, तर Phase बदलावे. हा क्रम उलटा करू नये, कारण पहिले चुकीचे असताना दुसरे पडद्याच्या एकाच भागात बरोबर बसते.

अक्षरांच्या उजवीकडे फिकट सावली उरली, तर ती लांब किंवा हलक्या तारेमुळे असण्याचा संभव असतो. आखूड तार लावून पाहावी. तसेच कीस्टोन शून्यावर ठेवून प्रोजेक्टरच पडद्यासमोर सरळ मांडावा. चित्र चौकोनी करताना कीस्टोन ठिपक्यांची पुन्हा वाटणी करतो, आणि रिझोल्यूशन जुळवून साधलेली स्पष्टता त्यामुळे व्यर्थ जाते.