मे महिन्यात तीन तास ठिबक, मग जुलैतही तीनच का? उसाला रोज किती पाणी लागते हे हवा ठरवते

वाळवा किंवा मिरज तालुक्यातला आडसाली ऊस डोळ्यांसमोर आणा. गेल्या जुलैत लावलेला, आता दहा महिन्यांचा, पानांनी रान पूर्ण झाकलेले. ठिबकच्या दोन नळ्यांमध्ये दीड मीटर अंतर, दर ४० सेंटीमीटरवर ताशी दोन लिटरचा ड्रीपर. मे महिन्यात मोटार रोज तीन तास चालते आणि ऊस जोमात असतो. पुढे पाऊस ओढ देतो. जुलैत आभाळ भरून येते, पण थेंब पडत नाही. मोटार मात्र तीनच तास चालू राहते, कारण वेळ एकदा ठरून गेलेली असते.

मे महिन्यात ही वेळ जवळपास अचूक होती. जुलैत मात्र एकरी रोज सुमारे १५ हजार लिटर पाणी जादा जाते. पीक तेच, जमीन तीच. बदलली ती फक्त हवा.

पाणी जाते कुठे?

मुळांनी शोषलेले जवळपास सगळे पाणी पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन हवेत जाते. उसाच्या अंगात राहते ते अगदी थोडे. जमिनीच्या पृष्ठभागावरूनही थोडी वाफ होते. या दोन्हींच्या बेरजेला बाष्पपर्णोत्सर्जन म्हणतात. नाव अवघड असले तरी मोजमाप सोपे आहे, पावसासारखेच मिलिमीटरमध्ये. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, म्हणजेच एकराला सुमारे ४,०४७ लिटर.

पाण्याची वाफ व्हायला ऊर्जा लागते आणि ती मुख्यतः उन्हातून येते. वाफ झाली तरी ती पानाजवळून निघून जायला हवी. हे काम कोरडी हवा आणि वारा करतात. ३८ अंश तापमान आणि २५ टक्के आर्द्रता असलेली हवा २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेपेक्षा जवळपास नऊपट तहानलेली असते. पिकाचे पाणी मात्र नऊपट वाढत नाही, कारण ऊन तेवढे वाढलेले नसते. म्हणून फक्त ‘आज फार उकडतंय’ यावरून पाणी ठरवले की फसगत होते. दमट, ढगाळ दिवशी माणूस घामाघूम होतो, कारण घाम वाळत नाही. त्याच दिवशी ऊस कमी पाणी गमावतो, कारणही तेच.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हिशेब

ऊन, तापमान, आर्द्रता आणि वारा या चारही गोष्टी धरणारे पेनमन-मॉन्टीथ समीकरण आज जगभर प्रमाण मानले जाते. त्यासाठी हवामान केंद्राची पूर्ण नोंद लागते. रोजच्या बातमीत मात्र कमाल आणि किमान तापमान एवढेच हाती येते. तेवढ्यावर चालणारे एक सूत्र हारग्रीव्ह्ज आणि समानी यांनी १९८५ मध्ये मांडले:

०.००२३ × १६ × (सरासरी तापमान + १७.८) × √(कमाल − किमान)

यातला १६ हा आकडा वातावरणाच्या माथ्यावर पोहोचणाऱ्या सूर्यऊर्जेचा, मिलिमीटरमध्ये मांडलेला. दक्षिण महाराष्ट्रासाठी मे ते जुलै तो साधारण एवढाच राहतो, डिसेंबरमध्ये ११ च्या आसपास येतो. सूत्राची गंमत शेवटच्या वर्गमुळात आहे. निरभ्र दिवशी दुपार तापते आणि रात्र गार होते, म्हणून कमाल-किमानातले अंतर मोठे असते. ढग आले की हे अंतर आक्रसते. म्हणजे ढग न मोजताही ढगांचा अंदाज येतो.

मे महिन्यात कमाल ३९ आणि किमान २४ धरा. सरासरी ३१.५, फरक १५. उत्तर येते ७ मिलिमीटर. ढगाळ जुलैत कमाल २९, किमान २२. उत्तर ४.२.

हे आकडे आखूड, हिरव्यागार गवताचे आहेत. पिकासाठी त्यांना पीक गुणांकाने गुणायचे. पूर्ण वाढलेल्या उसाचा गुणांक १.२५ धरतात, कारण उंच, दाट उसाला ऊन आणि वारा दोन्ही जास्त भेटतात. म्हणजे मे महिन्यात उसाची गरज ८.७५ मिलिमीटर आणि जुलैत ५.२५. नुकत्याच उगवलेल्या लावणीचा गुणांक ०.४ पर्यंत खाली असतो. शेजारच्या मोठ्या उसाबरोबर तिलाही तेवढेच पाणी देणे ही सर्रास दिसणारी चूक आहे.

आता ठिबककडे वळू. वर सांगितलेल्या अंतरांवर ताशी ३.३ मिलिमीटर पाणी पडते. थोडी गळती आणि असमानता धरली तर तीन मिलिमीटर उपयोगी येते. म्हणून मे महिन्यात २ तास ५५ मिनिटे आणि जुलैत पावणेदोन तास. शेतीची वीज ठरलेल्या वेळी, कधी रात्रीच येते, त्यामुळे ‘आली आहे तर चालू दे’ असा मोह होतो. तो समजण्यासारखा आहे. पण जादा पाणी मुळांखाली उतरते, जाताना नत्र घेऊन जाते. निचरा नसलेल्या काळ्या रानात भूजल वर चढते आणि क्षार पृष्ठभागावर येतात. कृष्णाकाठच्या मीठफुटी रानांना हे नव्याने सांगायला नको.

पाटपाणी असेल तर?

तिथे तास नव्हे, पाळीतले दिवस मोजावे लागतात. खोल काळ्या जमिनीत ६० सेंटीमीटरपर्यंत पिकाला वापरता येईल असे साधारण १०० मिलिमीटर पाणी मावते, असे धरू. त्यातले निम्मे संपले की पाणी द्यायचे. रोज ८.७५ मिलिमीटर गेले तर ५० मिलिमीटर सहाव्या दिवशीच संपतात, ५.२५ गेले तर साडेनऊ दिवस पुरतात. मध्ये २० मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरला तर जुलैत जवळपास चार दिवस वाढतात. मुरमाड रानात हा साठाच लहान, म्हणून तिथे पाळी लवकर हवी. कालव्याचे आवर्तन मात्र ठरलेल्या तारखेला येते, मग हवा कशीही असो. हवामान बातमीत तापमानाशेजारी पिकाने गमावलेले मिलिमीटर छापले, तर निदान विहीरवाल्यांना तरी रोज नवा आकडा मिळेल. हवामान केंद्रांच्या नोंदींतून तो काढणे अवघड नाही.

हिशेब कुठे चुकतो?

या सूत्रात वारा नाही. मे महिन्यात सोसाट्याचा कोरडा वारा सुटला तर खरी गरज उत्तरापेक्षा जास्त असते. एका दिवसाच्या आकड्यावरही विसंबू नये. पाच-सात दिवसांची सरासरी घेतली की उत्तर बरेच स्थिर होते.

रानही खरे-खोटे सांगते. दुपारी उसाची पाने गुंडाळली म्हणून लगेच घाबरायचे कारण नाही, कडक उन्हात ती गुंडाळतातच. सकाळीही तशीच दिसली तर पाणी कमी पडते आहे. उलट बाजूने, फूटभर खोल माती काढून मुठीत दाबली आणि बोटांना पाणी सुटले तर रान वाफशावर नाही. त्या दिवशी मोटार बंद ठेवावी.

आणि सगळा हिशेब ज्या ताशी दोन लिटरवर उभा आहे, तो ड्रीपर खरेच तेवढे पाणी देतो का? नळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ड्रीपरखाली वाटी ठेवून १५ मिनिटे पाणी धरा. प्रत्येकीत अर्धा लिटर यायला हवा. शेवटच्या वाटीत ३०० मिलिलीटरच आले, तर वेळ वाढवण्याआधी फिल्टर आणि नळी धुवायला हवी. नाहीतर शेवटचा ऊस तहानलेला राहतो आणि पहिला पाण्यात उभा.