समजून घ्या : कारखान्यातला अल्कोहोल कोणाच्या ताब्यात, राज्याच्या की केंद्राच्या?

उसाच्या मळीपासून बनणारे रेक्टिफाइड स्पिरिट दारूच्या बाटलीत जाऊ शकते, तसेच रंग, औषधे आणि रसायनांच्या कारखान्यातही. मग त्यावर नियंत्रण कोणाचे? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने 23 ऑक्टोबर 2024 रोजी 8 विरुद्ध 1 अशा बहुमताने उत्तर दिले : राज्यांचे. राज्यघटनेच्या वर्गात अधिकारवाटपावर चर्चा करायची असेल, तर यापेक्षा चांगले प्रकरण अलीकडे क्वचितच मिळेल.

वादाचे मूळ उत्तर प्रदेश सरकारच्या शुल्क आकारणीत आहे. राज्य सूचीतील 8 वी नोंद ‘मादक मद्य’ राज्यांकडे सोपवते. संघ सूचीतील 52 वी नोंद मात्र, संसदेने जनहितासाठी ताब्यात घेतलेले उद्योग केंद्राकडे देते. त्याच आधारावर 1951 च्या उद्योग कायद्यात किण्वन उद्योगांचा समावेश आहे. सात न्यायाधीशांच्या जुन्या निकालाने औद्योगिक अल्कोहोल राज्यांच्या हातून काढले होते. तो आता रद्द झाला.

सेमिनारमध्ये पहिला प्रश्न विचारावा तो असा : ‘मादक’ हा पदार्थाचा गुण आहे की वापराचा? बहुमत म्हणते, जे पिऊन माणसाला अपाय होऊ शकतो, तेही यात येते. म्हणजे गैरवापराची शक्यताही पुरेशी ठरते. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांना हे पटले नाही. औद्योगिक अल्कोहोल पिण्यासाठी नसते आणि केवळ गैरवापर होईल या भीतीने त्याला मद्य ठरवता येत नाही, असे त्यांचे मत.

यातूनच दुसरा प्रश्न येतो. ही भीती कुठे थांबते? हँड सॅनिटायझरही कोणी पिऊ शकतो. बहुमताने इथे रेघ ओढली : अल्कोहोल असलेले तयार उत्पादन 8 व्या नोंदीत येत नाही, नाहीतर इतर नोंदींना अर्थच उरणार नाही. पण कच्चा माल आत आणि तयार वस्तू बाहेर, ही रेघ नेमकी कुठे पडते? अर्धवट प्रक्रिया झालेल्या मालाचे काय? विद्यार्थ्यांनी इथेच अडून बसावे.

विषारी दारूने माणसे मेली की पोलिस, रुग्णालय आणि लोकांचा रोष, सगळे राज्याच्याच दारात येते. डिनेचर्ड स्पिरिटचा टँकर कुठे गेला, हे तपासण्याचा अधिकार राज्याला नसावा, हे तर्काला धरून नव्हते. त्या दृष्टीने बहुमताचा कल रास्त वाटतो. मात्र परवाना व देखरेख वेगळी आणि कर वेगळा. औद्योगिक अल्कोहोलवर आज जीएसटी लागतो. उद्या एखाद्या राज्याने देखरेखीच्या नावाखाली भरमसाट शुल्क लावले, तर ते शुल्क की वेश बदललेला कर? महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांना याचे उत्तर सगळ्यात आधी लागेल.