न लागलेल्या अक्षरांची टीप

दिवंगत वडिलांची डायरी मुलांनी टाइप करून घेतली की तिच्या पहिल्या पानावर एक टीप द्यावी लागते. कुठले शब्द लागले नाहीत, कुठे अंदाज केला, कुठे कागदच उरला नव्हता, हे कोणत्या खुणांनी दाखवले आहे, एवढे तिच्यात सांगायचे असते. टीप अर्ध्या पानाची असली तरी चालते. पण तिच्यामागचे निर्णय टायपिंग सुरू होण्याआधी घ्यावे लागतात, कारण शंभर पाने झाल्यावर खूण बदलली तर मागची पाने पुन्हा मूळ वहीशी ताडून पाहावी लागतात.

पहिला निर्णय कंसांचा. हिशेब मांडणारा माणूस गोल कंस स्वतःच वापरतो: “कडबा (बैलांसाठी) ४० पेंढ्या.” म्हणून गोल कंस वडिलांचे आणि चौकोनी कंस टाइप करणाऱ्याचे, अशी वाटणी सोयीची पडते. चौकोनी कंसात जे काही आहे ते वहीत नाही, किंवा वहीत आहे पण खात्रीचे नाही, हे वाचणाऱ्याला लगेच कळते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर एक अडचण येते. तिथे [ या कळीवर ‘ड’ आहे आणि ] या कळीवर नुक्ता, त्यामुळे कंसासाठी दर वेळी इंग्रजी कळफलकावर जावे लागते. कंटाळून लोक गोल कंसावर येतात आणि वाटणी मोडते. तारकेची खूण तर टाळलेलीच बरी. मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर भावंडांना पाठवला की दोन तारकांमधला शब्द ठळक होतो आणि तारका दिसेनाशा होतात.

जुने लेख छापणाऱ्या अभ्यासकांनी १९३१ साली नेदरलँड्समधील लायडन येथे अशा खुणांची पद्धत ठरवली. शिलालेख आणि पपायरस यांच्या छापील पाठांत ती आजही चालते. तिच्यात अंधुक अक्षराखाली टिंब देतात. देवनागरीत ते जमत नाही, कारण अक्षराखालचे टिंब म्हणजे नुक्ता. उदाहरणादाखल वही केज तालुक्यातली धरली, तर तो तालुका १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. उर्दू शिकलेल्या त्या पिढीच्या मराठीत खरा नुक्ताही सापडू शकतो. अक्षरावरच्या टिंबाचा घोटाळा आणखी मोठा. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले. त्याआधी शाळा शिकलेला माणूस ‘घरांत’, ‘त्यांत’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वारही देत असे. टाइप करणारा ते शाईचे डाग समजून गाळतो. ते जसेच्या तसे ठेवावेत आणि तसे ठेवल्याचे टिपेत एका ओळीने सांगावे.

आता मुख्य भाग, म्हणजे न लागलेला शब्द. सगळीकडे सरसकट तीन टिंबे देणे ही इथली नेहमीची चूक. वाक्य अर्धवट सोडताना वडीलही तीन टिंबे देत असतात, हे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. अक्षरे आहेत पण लागत नाहीत ही एक गोष्ट, आणि वाळवीने कोपराच नेला ही दुसरी. पहिल्या ठिकाणी उद्या गावातला एखादा जाणता माणूस वही पाहून शब्द सांगू शकतो. दुसऱ्या ठिकाणी वही पुन्हा उघडून काही हाती लागणार नाही. म्हणून लागत नसलेल्या प्रत्येक अक्षरासाठी एक आडवी रेघ द्यावी: तीन अक्षरे असतील तर [---]. जोडाक्षर एकच धरावे. कागद गेलेला असेल तिथे सरळ शब्दांत [फाटले] लिहावे. शब्द बहुधा लागला आहे पण खात्री नाही, तिथे शब्दासह प्रश्नचिन्ह कंसात जाते: [होळला?]. होळ हे केज तालुक्यातलेच गाव. ‘होळला गेलो’ याचे ‘होळीला गेलो’ होणे अगदी सोपे. नोंदीची तारीख श्रावणातली निघाली तर तिढा तिथेच सुटतो आणि प्रश्नचिन्ह काढून टाकता येते.

खरा धोका मात्र प्रश्नचिन्ह न दिलेल्या शब्दांचा असतो. उदाहरणादाखल १९७३ च्या उन्हाळ्यातली एक नोंद घेऊ: “रेशनवर ५ किलो मिलो मिळाला. मुले भाकरी खात नाहीत.” घाईचे अक्षर असेल तर ‘किलो’ आणि ‘मिलो’ जवळजवळ सारखेच दिसतात. आजच्या तिशीतल्या नातवाला ‘मिलो’ माहीत नसतो. आजोबांनी ‘किलो’ चुकून दोनदा लिहिले, असे समजून तो एक शब्द काढून टाकतो. वाक्य सुरळीत होते: “रेशनवर ५ किलो मिळाला.” कसली खूण नाही, शंका नाही, आणि ७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली ती लाल ज्वारी डायरीतून नाहीशी होते. मुले भाकरी का खात नव्हती, तेही मग कळत नाही. इथे फसल्याची एक खूण उरते, ती म्हणजे क्रियापद. ‘मिळाला’ हे पुल्लिंगी एकवचन आहे, मग मिळाला तो काय? कर्ता सापडत नसलेले वाक्य वहीशी पुन्हा ताडावे. शब्द दोनदा आला आहे असे वाटले तरी काढू नये. दोन्ही ठेवून पुढे [असेच] लिहावे.

संक्षेपांचेही तसेच. संस्थानी काळातल्या हिशेबात ‘हा.’ म्हणजे हाली रुपया आणि ‘क.’ म्हणजे कलदार, म्हणजे इंग्रजी रुपया. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा ढोबळ हिशेब होता. न कळलेले ‘हा.’ गाळले तर बैलजोडीची किंमत बदलते. संक्षेप फोडायचा तर भर कंसात द्यावी: हा[ली].

एक खूण बहुतेक घरे देत नाहीत. भावकीतली कज्जे-भांडणे, कुणाचे बुडवलेले कर्ज, एखाद्या सुनेबद्दलचा कडवट शब्द, असा मजकूर घरच्यांनी मुद्दाम गाळलेला असतो आणि त्या जागी ‘अवाचनीय’ लिहिलेले असते. गाळण्याचा हक्क घराला आहे. पण मग तिथे [गाळले] असेच लिहावे. अक्षरावर खापर फोडले की बाकीच्या [---] खुणांवरचाही विश्वास उडतो.

एवढे ठरले की टीप अशी होते:

“मूळ वह्या निळ्या व काळ्या शाईत आहेत आणि थोरल्या मुलाकडे ठेवल्या आहेत. शुद्धलेखन व अनुस्वार मूळचेच. गोल कंस वडिलांचे, चौकोनी कंस आमचे. [शब्द?] म्हणजे अंदाजाचे वाचन. [---] म्हणजे न लागलेली अक्षरे, एका अक्षराला एक रेघ. [फाटले] म्हणजे कागद नाही. [असेच] म्हणजे मुळात असेच आहे. हा[ली] म्हणजे आम्ही फोडलेला संक्षेप. [गाळले] म्हणजे घरच्यांनी मुद्दाम वगळलेला मजकूर.”

टिपेखाली टाइप करणाऱ्याचे नाव आणि तारीख हवी. वडिलांनी स्वतः खोडलेले शब्द वाचता येत असतील तर [खोडले: शब्द] अशी आणखी एक खूण घालावी, पण खुणा सात-आठांपलीकडे जाऊ देऊ नयेत. पुढे कुणी न लागलेला शब्द लावून दिला तर तो मजकुरात भरावा आणि टिपेच्या शेवटी वहीचे पान, नवे वाचन व तारीख नोंदवावी. भावंडांकडे आधी गेलेल्या प्रतींत तो बदल नसतो, म्हणून कोणती प्रत नंतरची, हे त्या तारखेवरूनच कळते.