‘उफ’, ‘छी’ आणि ‘च्यायला’

शाळेत शिवीची तक्रार आली की आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘तो नेमकं काय म्हणाला?’ माझ्या मते पहिला प्रश्न असायला हवा, ‘कोणाला म्हणाला?’

मराठी व्याकरणात ‘अरेरे’, ‘अबब’, ‘छी’ ही केवलप्रयोगी अव्ययं. उर्दूत त्यांना हुरूफे-फ़जाइया म्हणतात. वाक्यातल्या इतर शब्दांशी त्यांचं नातं नसतं. बोट दारात चेमटलं की मराठी मूल ‘आई गं’ म्हणतं, उर्दू बोलणारं ‘हाय’, इंग्रज ‘आउच’. वेदना एकच, पण तिचा उच्चार प्रत्येकजण आपापल्या घरात शिकतो. या उद्गाराला समोर माणूस लागत नाही. रिकाम्या खोलीतही तो निघतो. शिवीला मात्र बहुधा कोणीतरी समोर लागतं.

‘उफ’चंच पाहा. उर्दूत आपण तो उकाड्याला आणि दुखण्याला वापरतो. अरबीत तो वैताग, किळस दाखवतो. कुरआनच्या सतराव्या सूरेत आईवडिलांना ‘उफ’देखील म्हणू नका, अशी ताकीद आहे. पाय मुरगळल्यावर ‘उफ’ म्हणायला तिथे मनाई नाही. तोच उद्गार म्हाताऱ्या आईकडे पाहून काढला, की तिचं असणंच नकोसं झाल्याचं तिला कळतं.

वर्गात हेच ‘छी’चं होतं. एका मुलाने डबा उघडला, आत सुकट. शेजारचा नाक दाबून ‘छी!’ म्हणाला. वास अचानक आला आणि तोंडातून निघालं, इथवर तो उद्गार होता. मग त्याने डबेवाल्याकडे बघून म्हटलं, ‘छी, तुम्ही लोक असलं खाता?’ शब्द तोच, पण आता त्याला ‘तुम्ही लोक’ जोडलं गेलं. शिक्षकाने थांबवायचं ते इथे. पहिल्या ‘छी’साठी त्याला उभं करण्यात अर्थ नाही.

उलटा प्रवासही होतो. ‘च्यायला’ मुळात आईवरून दिलेली शिवी. बोलता बोलता समोरचा माणूस त्यातून झिजून गेला आणि शिवीचा आश्चर्योद्गार झाला. बस चुकली तरी माणूस ‘च्यायला’ म्हणतो, तेव्हा कोणाची आई त्याच्या मनात नसते. पण घरी उर्दू बोलणाऱ्या मुलाला त्यातली ‘आई’ अजून स्पष्ट ऐकू येते, कारण ती झीज त्याच्या कानाने पाहिलेली नाही. तो चिडला तर त्याला हळवा ठरवू नये, आणि बोलणाऱ्यालाही लगेच शिवराळ म्हणू नये. दोघांना शब्दाची ही गोष्ट सांगावी.

ही कसोटी सगळीकडे पुरत नाही. कोणाचंही नाव न घेता, फक्त त्याच्याकडे बघत ‘शी’ म्हणता येतं. म्हणून शब्दाबरोबर नजरही पाहावी लागते. निषिद्ध शब्दांची यादी भिंतीवर लावून ते काम होत नाही.